गर्भनिरोधक गोळी चालू असताना कॉर्टिसॉल ३२, डेक्सा टेस्टनंतर ३.२ : याला कुशिंग म्हणायचं का?

सिडकोतला_जीपी (मंगळवार, रात्री १०.१५)

नाशिकरोडची २९ वर्षांची पेशंट आहे. वर्षभरात वजन बरंच वाढलं, हनुवटीवर केस, पाळी अनियमित. पीसीओएस म्हणून चौदा महिन्यांपासून इथिनिल एस्ट्रॅडिऑल ३० मायक्रोग्रॅम आणि ड्रॉस्पिरेनोन अशी एकत्रित गोळी चालू आहे. बीपी १३८/८८. पोटावर जांभळे पट्टे नाहीत, हातावर निळे डाग नाहीत, खाली बसून हाताचा आधार न घेता उठता येतं. वजन वाढतंय म्हणून कुणीतरी कॉर्टिसॉल करायला सांगितलं आणि तिथून गुंता सुरू झाला.

सकाळी ८ चं कॉर्टिसॉल ३२ आलं, लॅबची मर्यादा साधारण ६ ते १९. मग रात्री डेक्सामेथासोन १ मिग्रॅ देऊन सकाळी ३.२ आलं, मर्यादा १.८. (सगळे आकडे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.) रिपोर्टखाली 'दमन अपुरे, क्लिनिकल संदर्भ पाहावा' एवढीच ओळ आहे. नातेवाईक पिट्युटरीचा एमआरआय करायला तयार बसलेत. मला दोनच प्रश्न आहेत. हा आकडा गोळीमुळे आहे का, हे कसं ठरवायचं? आणि पुढची तपासणी नक्की कोणती?

अंतःस्राव_गंगापूररोड (मंगळवार, रात्री ११.०२)

एमआरआय आत्ता नको. निरोगी माणसांचे एमआरआय केले तर साधारण दहातल्या एकाच्या पिट्युटरीत छोटासा ठिपका दिसतोच. जैवरासायनिक निदान पक्कं नसताना तो ठिपका सापडला की त्याच्यापासून सुटका नाही. आधी कॉर्टिसॉल खरोखर जास्त आहे का, ते ठरवा.

तुमच्या दोन्ही आकड्यांमागे बहुधा एकच कारण आहे. रक्तातल्या कॉर्टिसॉलपैकी सुमारे ८० टक्के सीबीजी नावाच्या प्रथिनाला बांधलेलं असतं, थोडं अल्ब्युमिनला, आणि पाच-सहा टक्केच मोकळं. पेशींना कळतं ते हे मोकळं. लॅब मात्र एकूण मोजते. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून थेट यकृतात जातं आणि यकृत सीबीजी जास्त बनवू लागतं. एकत्रित गोळीवर सीबीजी दुप्पट होणं अगदी नेहमीचं, काहींत त्याहूनही जास्त. मग एकूण कॉर्टिसॉल वाढतं, पण मोकळं जवळपास तिथंच राहतं, कारण पिट्युटरी मोकळ्यावरच नजर ठेवून असते.

सकाळचं एकूण कॉर्टिसॉल तसंही कुशिंगच्या निदानासाठी निरुपयोगी आहे, गोळी असो वा नसो. त्यामुळे ३२ विसरून जा. खरा प्रश्न ३.२ चा आहे. गोळी चालू असलेल्या निरोगी बायकांपैकी जवळपास निम्म्या जणी १ मिग्रॅच्या टेस्टमध्ये १.८ च्या वरच अडकतात.

बायोकेम_कॉलेजरोड (बुधवार, सकाळी ७.४०)

मॅडमच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देते. मोकळं कॉर्टिसॉल एकूण कॉर्टिसॉल आणि सीबीजीवरून काढायचं कूलेन्सचं १९८७ चं समीकरण आहे. सगळं मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये घालायचं. मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरला २७.५९ ने गुणलं की नॅनोमोल प्रति लिटर मिळतात, त्याला हजाराने भागायचं.

```
Z = 0.0167 + 0.182 * (CBG - T)
U = sqrt(Z*Z + 0.0122*T) - Z
```

`T` एकूण, `U` मोकळं. या पेशंटचं सीबीजी मोजलेलं नाही, म्हणून गोळी नसताना ०.८ आणि गोळीवर दुप्पट म्हणजे १.६ धरते. हा अंदाज आहे, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

सकाळचं ३२ म्हणजे ०.८८३. सीबीजी १.६ असेल तर मोकळं येतं सुमारे ३३ नॅनोमोल. गोळी न घेणाऱ्या बाईचं एकूण १६ असेल, म्हणजे अगदी मध्यम, तर तिचं मोकळं येतं २८. दोघींत फारसा फरक नाही. पण हेच ३२ जर साध्या ०.८ सीबीजीवर आलं असतं तर मोकळं सुमारे १०२ झालं असतं, कारण सीबीजीच्या सगळ्या जागा भरून वर उरलेलं कॉर्टिसॉल मोकळंच फिरतं. छापील आकडा दोन्हीकडे ३२, पण पेशींपर्यंत पोहोचणारं तिप्पट.

आता डेक्साचा आकडा. ३.२ म्हणजे ०.०८८. सीबीजी १.६ धरून मोकळं येतं १.८ नॅनोमोल. आणि गोळी नसलेल्या बाईत बरोबर सीमेवरचं १.८ मायक्रोग्रॅम, म्हणजे ५० नॅनोमोल, आलं असतं तर मोकळं २.० आलं असतं. म्हणजे या हिशेबाने तुमची पेशंट 'पास' झालेल्या बाईपेक्षाही किंचित खाली आहे.

या हिशेबावर निदान करू नका. सीबीजी मोजायची सोय रोजच्या लॅबमध्ये नाही, आणि समीकरण अल्ब्युमिन व बंधाची ताकद स्थिर धरतं. पण ३.२ पाहून घाबरायचं का, याचं उत्तर त्यात मिळतं.

सिडकोतला_जीपी (बुधवार, सकाळी ८.२०)

आभार. एक शंका. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर ८८ असा आकडा होता. पेशंटच्या भावाने तो ८८ मायक्रोग्रॅम समजून घरी गोंधळ घातला. तो नॅनोमोलमधला, बरोबर ना?

बायोकेम_कॉलेजरोड (बुधवार, सकाळी ८.३१)

बरोबर. ३.२ गुणिले २७.५९ म्हणजे ८८. मर्यादा तेव्हा ५० वाचायची. दोन एककं एकाच रिपोर्टवर छापली की हा घोळ हमखास होतो.

स्त्रीरोग_पंचवटी (बुधवार, दुपारी २.०५)

गोळी आहे तर सोपं आहे. २१ दिवसांच्या पाकिटानंतर सात दिवसांची सुट्टी असतेच. सुट्टीच्या सातव्या दिवशी टेस्ट परत करा. इस्ट्रोजेन तेवढ्यात शरीरातून गेलेलं असतं. आणि पेशंटला बंद करायचीच नसेल तर पॅचवर घाला. तोंडातून न गेल्यामुळे यकृतावर परिणाम होत नाही.

अंतःस्राव_गंगापूररोड (बुधवार, सायंकाळी ६.४८)

सर, पहिल्या मुद्द्यात इस्ट्रोजेन आणि त्याचा परिणाम यांची गल्लत होते आहे. औषध आठवड्याभरात निघून जातं हे खरं. पण यकृताने आधीच बनवून ठेवलेलं सीबीजी रक्तातच असतं आणि ते हळूहळू पूर्वपातळीला येतं. सुट्टीच्या सातव्या दिवशी टेस्ट केली तर औषध नाही पण जादा सीबीजी आहे, अशी फसवी स्थिती मिळते. म्हणून सहा आठवडे बंद ठेवून मग टेस्ट, असा प्रघात आहे.

पॅचबद्दल तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पाळी गेल्यानंतर देतात त्या नैसर्गिक एस्ट्रॅडिऑलच्या पॅचने किंवा जेलने सीबीजी फारसं हलत नाही. गर्भनिरोधक पॅच आणि योनीमार्गातली रिंग यांत मात्र इथिनिल एस्ट्रॅडिऑल असतं. ते यकृतात सहज मोडत नाही, त्वचेतून गेलं तरी रक्तातून यकृतापर्यंत पोहोचतं आणि सीबीजी वाढवतंच. तेव्हा 'तोंडातून नाही' एवढ्यावर भागत नाही, आत कोणतं इस्ट्रोजेन आहे ते पाहायला हवं.

केवळ प्रोजेस्टिनची गोळी किंवा लेव्होनॉरजेस्ट्रेलची तांबी यांचा सीबीजीवर असा परिणाम होत नाही. माला-एन मात्र एकत्रित गोळी आहे, लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिग्रॅ आणि इथिनिल एस्ट्रॅडिऑल ०.०३ मिग्रॅ. सरकारी दवाखान्यातून मोफत मिळते म्हणून पेशंट तिला 'औषध' धरतच नाहीत. 'काही गोळ्या चालू आहेत का?' असं विचारलं की 'नाही' म्हणतात. नाव घेऊन विचारावं लागतं.

स्त्रीरोग_पंचवटी (बुधवार, सायंकाळी ७.३०)

पॅचचं मान्य. सहा आठवड्यांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. चार आठवड्यांत बहुतेकींचं सीबीजी खाली येतं. तरुण विवाहित पेशंटला दीड महिना गोळीशिवाय ठेवलं तर नको असलेलं गर्भारपण हा खरा धोका आहे. आणि गर्भारपणात सीबीजी आणखी वाढतं, मग टेस्ट आणखी बिघडेल.

अंतःस्राव_गंगापूररोड (बुधवार, सायंकाळी ७.५२)

धोक्याबद्दल पूर्ण सहमत. म्हणून गोळी बंद करायच्या दिवशीच कंडोम किंवा तांबीचं ठरवून मग बंद करावी, आणि टेस्टच्या आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करावी. चार आठवड्यांत १.८ च्या खाली आलं तर प्रश्नच मिटला. पण चार आठवड्यांनी २.४ आलं तर काय समजायचं? गोळीचा अंश की आजार? परत टेस्टच. म्हणून मी सहा धरते.

सातपूरकर (बुधवार, रात्री ९.१०)

ताई, कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं हार्मोन ना? मग एवढी चर्चा कशाला, अश्वगंधा देऊन महिन्याने बघा. मी एमआयडीसीत रात्रपाळी करतो. कंपनीच्या हेल्थ पॅकेजमध्ये माझं कॉर्टिसॉल सकाळी ७ ला ४ आलं, 'लो' म्हणून लाल रंगात. केस गळतात म्हणून बायोटिनच्या १० मिग्रॅच्या गोळ्या घेतो, त्याने ताण कमी झाला असेल का?

बायोकेम_कॉलेजरोड (बुधवार, रात्री ९.४४)

दादा, इथे ताणाचं मोजमाप चाललेलं नाही. ट्यूमरमुळे कॉर्टिसॉल जास्त बनतंय का, हा प्रश्न आहे. पण तुमच्या दोन्ही गोष्टी विषयाला धरून आहेत.

रात्रपाळी करणाऱ्याचं घड्याळ सरकलेलं असतं. सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्री सर्वांत कमी हा क्रम तुम्हाला लागू पडेलच असं नाही. तुमचं सकाळी ७ म्हणजे झोपायला जायची वेळ, तेव्हाचं ४ एकट्याने काही सिद्ध करत नाही. थकवा, चक्कर, वजन घटणं असं काही असेल तर तो लाल आकडा डॉक्टरांना दाखवा. आणि पुढे कधी लाळेची रात्रीची टेस्ट करायची वेळ आली तर पाळी आधी सांगा. रात्रपाळीत ती टेस्ट करूच नये.

बायोटिनने कॉर्टिसॉल 'कमी' झालं नसणार, उलट झालं असतं. काही यंत्रांवरच्या किटमध्ये अँटिबॉडी बायोटिनने आणि नळीतले कण स्ट्रेप्टॅव्हिडिनने धरलेले असतात. रक्तात मोकळं बायोटिन भरपूर असलं की ते जागा अडवतं, खूण लावलेलं कॉर्टिसॉल कणांना चिकटत नाही, सिग्नल घटतो. कॉर्टिसॉलची टेस्ट स्पर्धेच्या तत्त्वावर चालते, सिग्नल कमी म्हणजे कॉर्टिसॉल जास्त असं यंत्र वाचतं. नव्या किटमध्ये ही अडचण बरीच कमी केलेली आहे, पण किट जुनं की नवं हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा.

निफाडचा_मुलगा (गुरुवार, सकाळी ६.५५)

क्षमस्व, मी डॉक्टर नाही. वडिलांना संधिवात आहे, तीन वर्षांपासून प्रेडनिसोलोन १० मिग्रॅ रोज. आता ते कमी करायचं आहे. कॉर्टिसॉल करून आणलं, सकाळी ८ ला १३ आलं, 'नॉर्मल'. गोळी साडेसहाला चहाबरोबर घेतली होती. म्हणजे ग्रंथी चांगली आहे ना? गोळी बंद करू का?

अंतःस्राव_गंगापूररोड (गुरुवार, सकाळी ७.१२)

बंद करू नका. एकही दिवस नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोस बदलूही नका. तीन वर्षांच्या स्टिरॉइडनंतर अचानक थांबवलं तर बीपी कोसळू शकतं.

तो १३ बहुधा खरा नाही. कारण बायोकेम मॅडम नीट सांगतील.

बायोकेम_कॉलेजरोड (गुरुवार, सकाळी ७.३८)

प्रेडनिसोलोन आणि कॉर्टिसॉल यांच्या रेणूत एका दुहेरी बंधाचा फरक आहे. कॉर्टिसॉल ओळखण्यासाठी बनवलेली अँटिबॉडी प्रेडनिसोलोनलाही काही प्रमाणात धरते. किती, ते किटच्या इन्सर्टमध्ये टक्क्यांत छापलेलं असतं. काही जुन्या किटमध्ये हे प्रमाण फार मोठं होतं, नव्या पिढीच्या काहींत एक आकडी टक्क्यांवर आलं आहे.

समजा रक्त घेताना बाबांच्या रक्तात प्रेडनिसोलोन २० मायक्रोग्रॅम आहे. गोळीनंतर दीड तासाने हे सहज असू शकतं. क्रॉस-रिअ‍ॅक्शन ८ टक्के असेल तर त्यातून १.६ चं खोटं कॉर्टिसॉल येईल. ६० टक्के असेल तर १२ चं. म्हणजे छापलेल्या १३ मधलं स्वतःचं कदाचित १ च असेल, कदाचित ११ असेल. किट कोणतं होतं हे माहीत नसताना दोन्ही शक्य आहेत.

आणि ही साधी वजाबाकीही तंतोतंत नसते. स्पर्धेच्या टेस्टचा वक्र सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे टक्केवारी औषधाच्या पातळीनुसार बदलते. इन्सर्टवरचा आकडा घेऊन रिपोर्टमधून वजा करायला जाऊ नये. त्याचा उपयोग एवढाच, की हे किट या पेशंटसाठी वापरावं की नाही ते ठरवायचं.

मिथाइलप्रेडनिसोलोनचीही हीच अडचण. डेक्सामेथासोन मात्र जवळपास कोणत्याच किटमध्ये पकडलं जात नाही, म्हणून तर दमनाच्या टेस्टला ते वापरतात. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच. ते घेतलेलं असेल तर किट काय आणि एलसी-एमएस काय, औषध आणि शरीराचं वेगळं करून कुणीच सांगू शकत नाही.

अंतःस्राव_गंगापूररोड (गुरुवार, सकाळी ८.०५)

निफाडच्या दादांसाठी पुढचं. संधिवात शांत असेल तर तुमचे डॉक्टर आधी डोस हळूहळू ५ मिग्रॅच्या आसपास आणतील. १० वर असताना ग्रंथी जागी झाली का हे तपासण्यात अर्थ नाही, ती दाबलेलीच असणार. त्या पातळीला आल्यावर सकाळची गोळी घ्यायच्या आधी, म्हणजे आदल्या गोळीपासून २४ तासांनी, ८ ते ९ च्या दरम्यान रक्त द्यायचं आणि गोळी नंतर घ्यायची. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत १० च्या वर आलं तर ग्रंथी सावरली, ५ च्या खाली आलं तर डोस चालू ठेवून काही महिन्यांनी परत, आणि मधलं आलं तर थांबून पुन्हा, असं आहे. लॅबच्या कागदावर 'प्रेडनिसोलोन चालू, शेवटची गोळी अमुक वाजता' हे लिहून द्या.

निफाडचा_मुलगा (गुरुवार, सकाळी ८.२०)

समजलं. गोळी चालूच ठेवतो. लॅबला फोन करून किटचं नाव विचारेन.

सिडकोतला_जीपी (गुरुवार, रात्री ९.४०)

मूळ पेशंटकडे येतो. डेक्साच्या गोळ्या कशा घेतल्या ते आज नीट विचारलं. ०.५ च्या दोन गोळ्या, रात्री ११ ला, एकत्र. रक्त ८.२० ला. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, रिफाम्पिसिन काही नाही. त्वचेला लावायचं काही आहे का विचारलं तर एक गोरेपणाचं क्रीम निघालं. ट्यूबवर मोमेटासोन लिहिलंय.

गोळी बंद करायला ती नाखूश आहे, केस आणि पुरळ वाढतील म्हणते. मग चोवीस तासांची लघवी करू का? तिला सीबीजीचा प्रश्न नाही ना?

अंतःस्राव_गंगापूररोड (गुरुवार, रात्री १०.२५)

दोन गोळ्यांची खात्री केलीत हे फार चांगलं. आपल्याकडे नेहमी मिळणारी गोळी ०.५ ची, आणि चिठ्ठीवर '१ मिग्रॅ' वाचून पेशंट एकच घेतात. तसंच फेनिटॉइन किंवा टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डेक्सामेथासोन रात्रीतच मोडून जातं आणि दमन होत नाही. शंका असेल तर त्याच नळीतून डेक्सामेथासोनची पातळी करायला सांगता येते.

मोमेटासोनचं क्रीम बंद करा, तेही एकदम नाही, त्वचारोग तज्ज्ञांना विचारून. ते भरपूर आणि रोज लावलेलं असेल तर कॉर्टिसॉल कमी करतं, वाढवत नाही. म्हणजे ३.२ त्यामुळे आलेलं नाही. पण चेहरा गोल होणं, वजन वाढणं यातला काही भाग त्यामुळे असू शकतो. कुशिंगसारखी दिसणारी पेशंट आणि कॉर्टिसॉल खूप खाली, असं चित्र दिसलं की आधी बाहेरचं स्टिरॉइड शोधायचं.

गोळी चालू ठेवायची असेल तर दोन टेस्ट हाती आहेत, रात्रीची लाळ आणि चोवीस तासांची लघवी. दोन्हींत मोकळं कॉर्टिसॉलच येतं. मी लाळेला आधी पसंती देईन.

स्त्रीरोग_पंचवटी (गुरुवार, रात्री १०.४०)

म्हणजे लाळ केली की विषय संपला. मी तर आता सगळ्यांना थेट लाळच सांगेन.

बायोकेम_कॉलेजरोड (शुक्रवार, सकाळी ७.२५)

सर, लाळेत सीबीजीचा अडथळा जातो, पण तिचे स्वतःचे खड्डे आहेत.

लाळग्रंथीत एक एन्झाइम कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करतं, त्यामुळे लाळेत कॉर्टिसोन कॉर्टिसॉलहून बरंच जास्त असतं. अँटिबॉडीने मोजलं तर थोडं कॉर्टिसोन कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं आणि आकडा एलसी-एमएसपेक्षा वर येतो. म्हणून मर्यादा त्या त्या पद्धतीचीच लावायची. एका लॅबच्या आकड्याला दुसऱ्या लॅबची मर्यादा लावून निदान करणं ही सर्रास होणारी चूक आहे.

हे एन्झाइम जेष्ठमधाने मंदावतं. खोकल्याच्या काढ्यात, पानात, चघळायच्या काडीत जेष्ठमध असतो. तो चालू असेल तर लाळेतलं कॉर्टिसॉल खोटं वाढतं. मशेरी आणि तंबाखूही नको, वेगळं विचारा कारण मशेरीला कुणी तंबाखू म्हणत नाही. हिरडीतून रक्त येत असेल तर रक्तातलं बांधलेलं कॉर्टिसॉलही लाळेत मिसळतं. आणि घरात कुणी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम लावत असेल तर त्या हाताने कापसाचा बोळा धरला तरी नमुना वाया जातो. मलमातलं मोमेटासोन मात्र कॉर्टिसॉल नाही, ते वेगळं.

लघवीबद्दल. तिथेही इम्युनोअ‍ॅसे असेल तर जपून. लघवीत कॉर्टिसॉलचे अनेक अवशेष आणि जोडलेली रूपं असतात, अँटिबॉडी त्यांनाही धरते. आधी द्रावकाने वेगळं न काढता थेट लघवी यंत्रात टाकली तर आकडा चांगलाच वर जातो. एलसी-एमएसमध्ये हे टळतं. नाशिकमधून हे नमुने बहुतेक मुंबई-पुण्याकडेच जातात, तेव्हा फॉर्मवर पद्धत लिहून मागा. लघवी पूर्ण जमली का हे क्रिएटिनिनवरून पाहा. पेशंट रोज पाच लिटर पाणी पीत असेल तर आकडा खोटा वाढतो, किडनी कमी चालत असेल तर खोटा घटतो.

एलसी-एमएसही आंधळेपणाने मानू नका. प्रेडनिसोलोनचं वस्तुमान कॉर्टिसॉलपेक्षा फक्त दोनने कमी आहे आणि त्याच्या जड समस्थानिकांचा अंश नेमका कॉर्टिसॉलच्या जागी येतो. स्तंभात दोघं वेगळे झाले नाहीत तर तिथेही गफलत होते. चांगली लॅब हे सांभाळते, म्हणून औषधांची यादी लॅबला हवीच.

सिडकोतला_जीपी (शुक्रवार, दुपारी १.१५)

मग उलट प्रश्न. गोळीवरच्या बाईचं सकाळचं कॉर्टिसॉल १२ आलं, थकवा आहे, तर आपण 'नॉर्मल' म्हणून सोडतो. तिथेही फसतोय का?

बायोकेम_कॉलेजरोड (शुक्रवार, दुपारी १.५०)

होय, आणि माझ्या मते ते जास्त धोक्याचं आहे. वरच्याच समीकरणात १२ घाला. सीबीजी १.६ वर मोकळं येतं ८ नॅनोमोल. सीबीजी ०.८ असताना १२ ला मोकळं येतं १८. आठ नॅनोमोल मोकळं म्हणजे गोळी नसलेल्या बाईत एकूण साधारण ६ आल्यासारखं. तिला आपण नक्की पुढे तपासलं असतं.

अंतःस्राव_गंगापूररोड (शुक्रवार, सायंकाळी ७.१०)

अगदी. एसीटीएच देऊन करायच्या टेस्टलाही हेच लागू आहे. गोळीवरची बाई खरी अपुरी असूनही मर्यादा ओलांडून जाते. त्यात आणखी एक, जुन्या किटवर शिखर १८ च्या वर हवं असं आपण शिकलो. नव्या, जास्त नेमक्या किटवर आणि एलसी-एमएसवर ती सीमा साधारण १४ ते १५ च्या दरम्यान येते. जुना १८ चा आकडा नव्या किटला लावला तर निरोगी माणसावर आयुष्यभराचं स्टिरॉइड लादलं जाऊ शकतं. अमुक किटला अमुक सीमा हे लॅबने रिपोर्टवर छापलं पाहिजे. अजून फार थोड्या लॅब ते करतात.

सीबीजी घटलं की सगळं उलट होतं, यकृत सिरॉसिस, नेफ्रॉटिक, आयसीयूतला गंभीर पेशंट. पण त्यासाठी वेगळा धागा काढावा.

स्त्रीरोग_पंचवटी (शुक्रवार, रात्री ८.३०)

एक उरलेला प्रश्न. 'छाया' म्हणजे ऑर्मेलोक्सिफेन घेणाऱ्या बायकांचं काय? तिच्यात इस्ट्रोजेन नाही, पण ती इस्ट्रोजेनच्याच जागेवर काम करते. सीबीजी वाढतं का?

अंतःस्राव_गंगापूररोड (शुक्रवार, रात्री ९.०५)

इथिनिल एस्ट्रॅडिऑल नाही, त्यामुळे माला-एनसारखा दुप्पटीचा परिणाम मी गृहीत धरणार नाही. पण त्याच वर्गातल्या टॅमॉक्सिफेनने सीबीजी काहीसं वाढतं, म्हणून 'काहीच होत नाही' असंही म्हणणार नाही. अशा पेशंटला मी रक्ताऐवजी लाळ सांगते. कुणाकडे मोजलेलं सीबीजी असेल तर इथे टाका.

सिडकोतला_जीपी (शनिवार, सकाळी १०.३०)

ठरलं ते असं. गोळी आत्ता चालू. दोन वेगळ्या रात्री लाळ, एमआरआय नाही. दोन्ही नमुने मर्यादेत आले तर कुशिंग बाजूला ठेवून बीपी आणि वजनाकडे पाहायचं. एक जरी वर आला तर तांबी बसवून गोळी बंद, सहा आठवड्यांनी डेक्सा परत, सोबत डेक्सामेथासोनची पातळी. स्त्रीरोग सरांच्या चार आठवड्यांचा मुद्दा पेशंटपुढे मांडेन, पण सहा सांगेन. नमुना घेण्याच्या सूचना कुणी नेमक्या लिहून देईल का? कागदावर छापून हातात देतो.

बायोकेम_कॉलेजरोड (शनिवार, सकाळी ११.२०)

असं छापा. रात्री ११ ते १२ च्या दरम्यान, शांत बसून. त्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, दात घासायचे नाहीत, हिरडीतून रक्त येत असेल तर त्या रात्री नमुनाच घ्यायचा नाही. त्या दिवशी मशेरी, तंबाखू, सिगारेट नाही, जेष्ठमधाचा काढा आठवडाभर आधीपासून बंद. हात साबणाने धुवून बोळ्याची नळी उघडायची, बोळा बोटाने न धरता थेट तोंडात घ्यायचा, दोन मिनिटं चघळायचा, परत नळीत टाकायचा. तारीख आणि घड्याळातली खरी वेळ नळीवर लिहायची, ठरलेली वेळ नव्हे. रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी लॅबमध्ये. दुसरा नमुना वेगळ्या रात्री. आदल्या दिवशी लग्न, जागरण, रात्रीचा प्रवास असेल तर पुढे ढकला.

फॉर्मवर गोळीचं नाव, मोमेटासोन शेवटचं कधी लावलं, आणि बायोटिन आहे की नाही, या तीन ओळी तुम्ही स्वतः लिहा. पेशंटवर सोडू नका.